लेझर मीटर खरं माप देतोय का? दहा मीटरच्या आधाररेषेवर तपासणी, पायरीपायरीने

मागच्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये ओट्याचं माप मी लेझर मीटरने घेतलं. मध्ये फ्रीज आणि जुनं कपाट उभं होतं, त्यामुळे भिंत एका दमात मोजता येईना. तीन तुकड्यांत मोजली आणि बेरीज केली. ग्रॅनाइट कापून आला, बसवला, आणि शेवटच्या भिंतीपाशी सहा मिलिमीटरची फट राहिली. आमचे सुतारकाका म्हणाले, "तुमचं मशीन खोटं बोलतंय." मला ते पटेना, कारण दोनच दिवसांपूर्वी मी त्याच मीटरची पार्किंगमध्ये टेपशी गाठ घातली होती. टेप दहा मीटर दाखवत होती आणि मीटर म्हणत होता १०.००० मीटर.

नंतर नीट तपासल्यावर कळलं की काकांचं म्हणणं खरं होतं आणि माझी तपासणी खोटी. मीटर जवळपास दोन मिलिमीटर कमी दाखवत होता. टेप उन्हाळ्यात तापून लांब झाली होती. दोन चुका दहा मीटरवर एकमेकींना झाकून बसल्या होत्या. तेव्हापासून मी मीटर तपासण्याआधी आधाररेषा, म्हणजे मीटर ज्या ठाऊक अंतराशी ताडायचा ती रेषा, तपासतो. नव्याने साइटवर आलेल्या इंजिनिअरांना, इंटिरिअरवाल्यांना आणि सुतारांना ती पद्धत सांगायची म्हणून हा लेख.

आधी टेप तपासा

लेझर मीटरच्या पुस्तिकेत अचूकता बहुतेक ±१.५ किंवा ±२ मिलिमीटर लिहिलेली असते. आता तो कशाशी ताडून बघायचा? ज्याच्याशी ताडायचं ते त्याच्याहून भरवशाचं हवं. इथेच बहुतेकांचं चुकतं.

चांगल्या स्टीलच्या टेपवर सुरुवातीलाच लंबगोल चौकटीत रोमन आकडा असतो: एक, दोन किंवा तीन. तो टेपचा वर्ग. युरोपीय नियमाप्रमाणे दहा मीटर लांबीवर पहिल्या वर्गाच्या टेपला १.१ मिलिमीटरपर्यंत चूक चालते, दुसऱ्या वर्गाच्या टेपला २.३, आणि तिसऱ्या वर्गाच्या टेपला ४.६. म्हणजे तिसऱ्या वर्गाच्या टेपने ±२ मिलिमीटरचा मीटर तपासणं निरर्थक आहे. टेपवर असा आकडाच नसेल तर ती कामापुरती वापरा, तपासणीला घेऊ नका. मी या कामासाठी पहिल्या वर्गाची एक वीस मीटरची टेप वेगळी ठेवली आहे आणि ती साइटवर नेत नाही. हिशेबाची जबाबदारी मोठी असेल तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून टेप तपासून घ्यावी. प्रमाणपत्रात कुठल्या लांबीला किती दुरुस्ती करायची ते लिहून मिळतं.

टेपवर वर्गाशेजारी आणखी दोन गोष्टी छापलेल्या असतात: २० अंश सेल्सिअस आणि ताण, बहुधा ५० न्यूटन. टेपचे आकडे त्या तापमानाला आणि तेवढ्या ताणाला खरे. स्टील एका अंशाला दर मीटरमागे सुमारे ०.०११५ मिलिमीटर वाढतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आपल्याकडचा उन्हाळा वीस अंशांचा नसतो. फरशीवर पसरलेली टेप ३४ अंशांना असेल तर १४ अंश जास्त झाले. दहा मीटरला हिशेब होतो १० × १४ × ०.०११५, म्हणजे १.६ मिलिमीटर. टेप तापून लांब झाली, तिच्या खुणा एकमेकींपासून लांब गेल्या, म्हणून टेप जिथे दहा मीटर म्हणते तिथे खरं अंतर १०.००१६ मीटर असतं. गरम टेप नेहमी कमी सांगते आणि खरं अंतर त्याहून जास्त असतं, एवढं लक्षात ठेवलं की अधिक-उण्याचा घोटाळा होत नाही.

१८०२ साली मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने भारताच्या मोजणीची पहिली आधाररेषा स्टीलच्या शंभर फुटी साखळीने मोजली. तेव्हा साखळी लाकडी पेट्यांत आडवी ठेवून तिच्यासोबत थर्मामीटर ठेवले होते. सव्वादोनशे वर्षांनी पार्किंगमध्ये आपल्याला तेच करायचं आहे, फक्त छोट्या प्रमाणावर.

सामान आणि जागा

जागा सावलीतली, सपाट, वाऱ्यापासून आडोशाची हवी. सोसायटीचं झाकलेलं पार्किंग किंवा लांब कॉरिडॉर उत्तम. सामान साधं आहे: टेप, मोठा गुण्या, बॅगा तोलायचा हुकचा डिजिटल काटा, थर्मामीटर, टोकदार पेन्सिल, फरशीला लावायची कागदी टेप, मीटर ठेवायला दहाएक सेंटिमीटर उंचीचा लाकडी ठोकळा, आणि लक्ष्यासाठी फूटभर प्लायचा चौकोनी तुकडा. प्लायला मागून आधार ठोका म्हणजे तो काटकोनात उभा राहील, आणि पुढच्या बाजूला पांढरा मॅट रंग द्या. चकचकीत ऑइलपेंट नको, त्याचं कारण पुढे येईल.

ठोकळा का, तर मीटर थेट फरशीवर ठेवला की किरण जमिनीला अगदी लगटून जातो. जमीन कुठे फुगीर असली की ठिपक्याचा अर्धा भाग वाटेतच फरशीवर पडतो आणि आकडा कमी येतो.

मीटरमधला लेझर दुसऱ्या वर्गाचा, एक मिलिवॉटहून कमी शक्तीचा असतो. चुकून डोळ्यावरून गेला तर पापणी मिटते आणि इजा होत नाही. मुद्दाम टक लावून मात्र बघायचं नाही, आणि पार्किंगमध्ये खेळणारी पोरं असतील तर आधी त्यांना बाजूला पाठवा.

आधाररेषा आखणं

टेप फरशीवर सरळ पसरा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा, म्हणजे ती फरशीच्या तापमानाला येईल. थर्मामीटर तिच्या शेजारी फरशीवरच ठेवा. हवेचं तापमान इथे उपयोगाचं नाही. मग एक टोक पक्कं करून दुसऱ्या टोकाला काट्याचा हुक अडकवा आणि पाच किलो दिसेपर्यंत ओढा. पाच किलो म्हणजे ४९ न्यूटन, आपल्याला पुरे. टेप एकदा मधून उचलून सोडा, नाहीतर फरशीला घासून ताण सगळीकडे सारखा पोचत नाही.

सुरुवात शून्यापासून करू नका. टेपच्या टोकाची पत्र्याची आकडी हलती असते आणि पडून, आपटून वाकलेली असते. एक मीटरच्या खुणेपासून सुरुवात करा आणि ती खूण म्हणजे आपलं शून्य माना. तिथून ३, ५, ६ आणि ११ मीटरच्या खुणांना फरशीवर कागदी टेप लावून गुण्याने आडव्या बारीक रेषा मारा. आता शून्यापासून २, ४, ५ आणि १० मीटरच्या रेषा तयार झाल्या. प्रत्येक रेषेशेजारी तापमान दुरुस्त केलेलं खरं अंतर लिहून ठेवा. माझ्या ३४ अंशांच्या दुपारी ते आकडे होते २०००.३, ४०००.६, ५०००.८ आणि १०००१.६ मिलिमीटर. दुरुस्ती तिथल्या तिथे लिहा. नंतर करू म्हटलं की ती दोनदा होते किंवा होतच नाही.

लेझरला स्वतःलाही हवेच्या तापमानाचा थोडा फरक पडतो, पण तो अंशाला दहा लाखांत एक भाग एवढाच असतो. दहा मीटरवर १४ अंशांना तो ०.१४ मिलिमीटर होतो, म्हणून मी तो सोडून देतो.

मोजायला सुरुवात

मीटर चालू केल्यावर सगळ्यात आधी बघा की तो कुठून मोजतोय: मागच्या कडेपासून, पुढच्या कडेपासून की मागे उघडणाऱ्या पट्टीच्या टोकापासून. पडद्यावर त्याचं छोटं चित्र असतं. नव्या माणसाचा आकडा दहा-बारा सेंटिमीटरने चुकला तर कारण बहुतेक हेच असतं, कारण मीटरची लांबी साधारण तेवढीच असते. तपासणी मागच्या कडेपासून करा.

शून्याच्या रेषेवर गुण्या उभा करा. ठोकळा आणि त्यावरचा मीटर, दोघांची मागची कड गुण्याच्या उभ्या पात्याला टेकवा, मग गुण्या अलगद काढा. तसंच समोर प्लायचा दर्शनी भाग दोन मीटरच्या रेषेवर गुण्याने उभा करा. ठिपका प्लायच्या मध्यावर, ठोकळ्यावरच्या किरणाच्या उंचीलाच पडला पाहिजे. थोडा बाजूला गेला तरी घाबरू नका. दहा मीटरवर ठिपका पाच सेंटिमीटर बाजूला गेला तर अंतरात फक्त ०.१३ मिलिमीटरची भर पडते. दहा सेंटिमीटर गेला तर अर्धा मिलिमीटर.

प्रत्येक रेषेवर दहा वेळा मोजा, आणि दर वेळी मीटर उचलून पुन्हा गुण्याला टेकवून ठेवा. बटण नुसतं दहा वेळा दाबलं तर मीटर किती स्थिर आहे तेवढंच कळतं, तुमचा हात त्याला किती नीट बसवतो ते कळत नाही. दहांची सरासरी काढा, आणि सगळ्यात मोठ्या व लहान आकड्यातला फरक, म्हणजे पसारा, वेगळा लिहा. पुढे उजेड आणि रंगाच्या तपासणीत हा पसाराच जास्त बोलतो.

माझ्या त्या मीटरची सरासरी आली २ मीटरच्या रेषेवर १९९८.३, ५ वर ४९९८.६ आणि १० वर ९९९९.६ मिलिमीटर. दहा मीटरचा आकडा नुसत्या टेपशी ताडला तर सुंदर जुळतो, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. पहिल्या दिवशी मी नेमकं तेवढंच पाहून मीटर खिशात टाकला होता. खऱ्या अंतराशी ताडल्यावर फरक निघाले: उणे २.०, उणे २.२ आणि उणे २.०.

फरक वाढतोय की तसाच आहे?

आता सगळ्यात कामाचा प्रश्न हा. फरक अंतरासोबत वाढत गेला, म्हणजे दोन मीटरला एक आणि दहाला पाच असा, तर आधी टेपच्या तापमानाकडे आणि ताणाकडे पुन्हा बघा. मीटरच्या आतलं घड्याळ असं सहसा बिघडत नाही. टेपचा हिशेब चुकण्याची शक्यता त्याहून बरीच जास्त. पण फरक सगळीकडे सारखाच राहिला, तर चूक अंतराची नसते. ती सुरुवातीच्या बिंदूची असते. माझी तशीच होती.

तरी खात्री कशी करायची? टेप स्वतःच दहा मीटरला १.१ मिलिमीटर चुकू शकते, रेषा मारण्यात अर्धा मिलिमीटर गेला. या शंकेवर मोजणीवाल्यांचा एक जुना उपाय आहे आणि त्यात टेपच्या खरेपणाची गरजच पडत नाही. शून्याच्या रेषेला अ म्हणा, चार मीटरच्या रेषेला ब, दहाच्या रेषेला क. आधी अ ते ब मोजा. मग मीटर उचलून ब रेषेवर ठेवा आणि ब ते क मोजा. मग परत अ वर जाऊन थेट अ ते क मोजा. मीटरमध्ये कायमची चूक असेल तर दोन तुकड्यांच्या बेरजेत ती दोनदा येते आणि थेट मापात एकदाच. वजाबाकी केली की चूक एकटी उघडी पडते.

माझे आकडे असे आले:

```
अब        = 3998.5
बक        = 5998.9
अब + बक   = 9997.4
अक        = 9999.6
फरक       = -2.2 मिमी
```

रेषा नेमक्या चार आणि दहा मीटरवर आहेत की नाहीत याने इथे काही बिघडत नाही. दोन्ही तुकड्यांच्या मापांत तीच ब रेषा वापरली, मीटरची मागची कड आणि प्लायचा चेहरा दोन्ही तिच्यावर नीट बसवले, एवढंच बघायचं. ओट्याची सहा मिलिमीटरची फटही याच हिशेबाने उलगडली: तीन तुकडे, प्रत्येकात दोन मिलिमीटर कमी. पुस्तिकेतल्या ±२ च्या मर्यादेवर मीटर जेमतेम बसतही होता. पण ती मर्यादा एका मापाची असते, आणि सारख्याच दिशेने चुकणारी मापं बेरीज केली की चूकही बेरजेत जाते.

मीटर उलटा करून मागची कड उजेडात धरली, तर रबराच्या काळ्या किनारीवर राखाडी-पांढरा थर दिसला. पीओपीच्या कामात कधीतरी ओल्या भिंतीला टेकवला होता, आणि पीओपी तिथेच सुकून दगडासारखं बसलं होतं. नखाने निघेना. ओल्या फडक्यात पाच मिनिटं गुंडाळून ठेवला आणि आइस्क्रीमच्या लाकडी काडीने खरवडला. निघालेली चकती जाडीला दोन मिलिमीटरच्या आसपास भरली. मागे थर चढला की मीटरचा डोळा भिंतीपासून तेवढा पुढे सरकतो, समोरचं अंतर कमी होतं, आकडा कमी येतो. याउलट मागची किनार झिजली किंवा पडून तुटली की आकडा जास्त येतो. साफ केल्यावर पुन्हा मोजलं: २०००.४, ५०००.५, १०००१.४. फरक तीन दशांशांच्या आत.

समोर काय आहे यावर माप कसं बदलतं

इथवर सगळं पांढऱ्या मॅट प्लायवर आणि सावलीत झालं. पुस्तिकेतली ±२ ची अचूकताही अशाच लाडाच्या परिस्थितीत दिलेली असते: पांढरी भिंत, कमी उजेड, माफक तापमान. बारीक अक्षरांत खाली लिहिलेलं असतं की प्रतिकूल परिस्थितीत दहा मीटरच्या पुढे प्रत्येक मीटरमागे थोडी भर धरावी. माझ्या पुस्तिकेत ती ०.१५ मिलिमीटर आहे, म्हणजे वीस मीटरवर ±२ चे ±३.५ होतात. हातातल्या लेझर मीटरच्या या चाचण्या कशा घ्यायच्या यासाठी आयएसओ १६३३१-१ असं स्वतंत्र प्रमाणकही आहे. मीटर घेताना पुस्तिकेत ते शोधा.

मीटर लाल प्रकाश सोडतो, भिंतीवरून परत आलेला प्रकाश गोळा करतो आणि जाऊन-येऊन किती उशीर झाला यावरून अंतर काढतो. परत येणारा प्रकाश अंतर दुप्पट झालं की एक चतुर्थांश होतो. म्हणून एखादा काळा पडदा दहा टक्के प्रकाशच परत करत असेल, तर मीटरच्या दृष्टीने सहा मीटरवरचा तो काळा पडदा एकोणीस मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीइतका फिकट असतो. वीस मीटरवर तो त्रेसष्ट मीटरवरच्या पांढऱ्या भिंतीसारखा होतो. प्रकाश कमी पडला की मीटर जास्त वेळ घेतो, जास्त नमुने गोळा करतो, आणि तरीही आकडा डळमळतो.

हे बघायला दहा मीटरच्या रेषेवर प्लायवर एकेक वस्तू लावत चला. नवी वस्तू लावली की तिचा दर्शनी भाग पुन्हा गुण्याने रेषेवर आणायचा, नाहीतर वस्तूची जाडीच चूक म्हणून मोजली जाते. माझ्याकडे काळ्या चार्ट पेपरवर माप यायला दोन सेकंद लागले आणि पसारा एक मिलिमीटरवरून तीनवर गेला. सरासरी मात्र हलली नाही. निळ्या ताडपत्रीवरही जवळपास हेच झालं, आणि त्याचं अनेकांना नवल वाटतं, कारण डोळ्याला ती चांगली उजळ दिसते. मीटरचा प्रकाश लाल आहे आणि निळी ताडपत्री लाल प्रकाश फारसा परत करत नाही. पावसाळ्यात अर्धी साइट ताडपत्रीने झाकलेली असते तेव्हा हे आठवावं. एक सोपी युक्ती: लाल जिलेटिन कागदातून भिंतीकडे बघा. त्यातून जे काळपट दिसेल ते मीटरलाही काळपट दिसतं.

काळ्या रंगाची चूक उघड असते. मीटर अडखळतो, आपण सावध होतो. मला जास्त भीती थर्माकोलची वाटते. थर्माकोल पांढराशुभ्र, माप झटकन येतं, पसारा एक मिलिमीटर. पण सरासरी पाच मिलिमीटरने जास्त आली. प्रकाश वरच्या पृष्ठभागावर थांबत नाही, आतल्या दाण्यांत शिरतो, तिथे फिरून उशिरा परत येतो. दुधी ॲक्रिलिक, मेण, पॉलिश केलेला पांढरा संगमरवर यांतही प्रकाश असा आत जाऊ शकतो. दहाच्या दहा मापं एकसारखी आली म्हणून ती खरी असतात असं नाही, हे मला थर्माकोलने शिकवलं.

चकाकीचा प्रश्न वेगळा. ग्लेझ्ड टाइलला अगदी काटकोनात मारलं तर किरण आरशासारखा थेट मीटरच्या डोळ्यात परत येतो आणि मीटर गोंधळतो. रेडियमच्या चकाकत्या पट्टीवरही तसंच होतं, कारण ती पांढऱ्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त प्रकाश परत पाठवते. वॉर्डरोबच्या आरशावर तर मी तिरका नेम धरल्यावर मीटरने साडेबारा मीटर दाखवले. आरसा दहा मीटरवर होता आणि ठिपका त्यावरून उडून अडीच मीटरवरच्या खांबावर पडला होता. काचेच्या खिडकीत किरण पलीकडे निघून जातो आणि शेजारच्या इमारतीचं माप येतं.

या सगळ्यांवर इलाज एकच आणि तो फुकट आहे: पोस्टकार्डाएवढा पांढरा मॅट जाड कागद त्या पृष्ठभागावर चपखल टेकवा आणि त्यावर मारा. कागदाची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत असते. माझ्या खिशात असं कार्ड कायम असतं.

उन्हात काय होतं

यासाठी गच्चीवर जा. वीस मीटरची लांबी मिळाली तर छान. इथे खऱ्या अंतराची गरज नाही, फक्त सावली आणि ऊन यांतला फरक हवा आहे. म्हणून मीटर आणि प्लाय विटांनी पक्के करा आणि मग हलवू नका. सकाळी सातला एकदा आणि दुपारी बाराला एकदा मोजून तुलना करायची नाही. गच्चीचा स्लॅब स्वतः तापून वाढतो. मोकळं काँक्रीट वीस मीटर लांबीवर वीस अंश चढलं की चारएक मिलिमीटर वाढू शकतं, आणि ते सगळं तुम्ही मीटरच्या नावावर टाकाल. त्यापेक्षा भर दुपारीच एका माणसाला छत्री घेऊन प्लायजवळ उभं करा. छत्री धरून दहा मापं, छत्री काढून दहा, पुन्हा धरून दहा. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. मीटरवरही दुसऱ्या छत्रीची सावली ठेवा, नाहीतर तापलेला मीटर स्वतःच कुरकुर करतो.

माझा पसारा छत्रीखाली एक मिलिमीटर आणि उन्हात चार आला. माप यायलाही तीन-चार सेकंद लागत होते. सरासरीत फरक एका मिलिमीटरचाच. म्हणजे उन्हाने आकडा एका बाजूला ढकलला नाही, नुसता थरथरवला. दहा मापांची सरासरी घेतली तर काम होऊ शकतं. मग काळा चार्ट पेपर लावला. छत्रीखाली कसंबसं माप आलं, उन्हात मीटरने एरर दाखवून हात टेकले. कारण साधं आहे: मीटरला त्याचा लाल प्रकाश सूर्याच्या प्रकाशातून वेगळा करायचा असतो. भिंतीवर ऊन जितकं जास्त आणि परत येणारा लाल प्रकाश जितका कमी, तितकं ते अवघड. म्हणून ज्या जागेवर ठिपका पडतो तिथली सावली सगळ्यात महत्त्वाची. सूर्य समोर, भिंतीच्या वर असेल तर मीटरच्या भिंगावर थेट ऊन येतं. तेव्हा तळहाताचा आडोसाही उपयोगी पडतो.

उन्हात याहून मोठी चूक मात्र माणसाची होते. वीस मीटरवर ठिपका डोळ्याला दिसत नाही. आपण अंदाजाने नेम धरतो आणि तो अलीकडच्या पाण्याच्या पाइपावर किंवा कठड्याच्या कडेवर पडलेला असतो. आकडा स्वच्छ, स्थिर आणि साफ चुकीचा येतो. काही मीटरमध्ये नेम धरायला कॅमेरा असतो, तो वापरा. नसेल तर एकाने लक्ष्यापाशी उभं राहून ठिपक्याच्या जागी हाताची सावली करावी आणि लाल ठिपका दिसला की ओरडून सांगावं. तोवर बटण दाबू नये.

नोंद ठेवा

तपासणीचे आकडे मी वहीत तारीख, तापमान आणि टेपसकट लिहितो, आणि मीटरच्या पाठीवर कागदी टेपने फक्त कायमची चूक आणि तारीख चिकटवतो. पूर्ण तपासणी सहा महिन्यांतून एकदा आणि मीटर परांचीवरून पडला की लगेच. फरक सारखा राहत असेल आणि साफ करूनही जात नसेल, तर मी मीटर प्रयोगशाळेत देतो. घरी उघडून बघण्याच्या फंदात पडत नाही.

रोजच्या कामासाठी कारखान्याच्या दारापाशी भिंतीला एक लोखंडी कोन आणि त्याच्यासमोर २०००.३ मिलिमीटरवर पांढरी पट्टी कायमची बसवली आहे. सकाळी मीटर बाहेर काढला की मागची कड ओल्या फडक्याने पुसायची, कोनाला टेकवायचा आणि तीन मापं घ्यायची. तिन्ही १९९९ आणि २००१ च्या मध्ये आली की निघायचं. सुतारकाका आता हे माझ्याआधी येऊन करून ठेवतात, आणि फडकं त्यांनी कोनालाच बांधून ठेवलं आहे.